खळ्यावर म्हटलेल्या पाच ओव्या

टाकून दिलेल्या सोडल्या, तर माझ्या स्वतःच्या अशा आयुष्यात पाचच ओव्या झाल्या. त्यांतली एकही कुणाला आवडावी म्हणून केलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर एकही कुणाला आवडली नाही. ज्या बाईसाठी केल्या तिला तर नाहीच नाही.

तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची म्हणजे एकोणीसशे साठनंतरची ही गोष्ट. माझे यजमान तिथल्या गोदामावर कारकून होते. आम्ही साताऱ्याकडची माणसं. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून जवळच्या कोळीवाड्यात एका घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. मागच्या घरात मालकीणबाई राहत. त्यांना मी मावशी म्हणत असे. त्यांचा एकुलता एक मुलगा होडीवर जायचा, आणि त्याची बायको, मुरबे गावची म्हणून मुरब्याची पोर, माझ्याहून चार वर्षांनी लहान, घरचं आणि खळ्याचं बघायची. खळं म्हणजे घरापुढचं शेणानं सारवलेलं मोठं अंगण. त्यावर जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत पडायचा, आणि तो सारखा दांडीनं हलवत राहावा लागायचा.

पहिले सहा महिने मी नाकाला पदर लावून काढले. मुरब्याची पोर हसायची. "वयनी, नाक तरी किती येळ धरशील? दमशील." मग हळूहळू नाक सुटलं आणि आमची गट्टी जमली. ती मला सुकट भाजायला शिकवायची, मी तिला स्वेटर विणायला शिकवायची, जरी त्या दमट हवेत स्वेटर कुणी घालणार नव्हतं. आता वाटतं, नाक सुटलं तरी मनातला पदर काही सुटला नव्हता. ते मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी संक्रांतीला मी हळदीकुंकू करायचं ठरवलं. बांधकामावरच्या साहेबांच्या, इंजिनीअरांच्या बायकांना बोलावलं. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. खोली सारवली, वाणाच्या फण्या आणल्या, आणि आदल्या दिवसापासून मला एकच घोर लागला, तो म्हणजे माश्यांचा. खळ्यावर जवळा पसरलेला, त्यावर माश्यांची ही गर्दी, आणि साहेबांची बायको त्यातून चालत येणार!

यजमानांनी मजुरांच्या झोपड्यांसाठी आलेल्या ढेकणाच्या पावडरीतला एक डबा घरी आणून ठेवला होता. करडी, कुबट वासाची पावडर. दोनच दिवसांपूर्वी त्यातली पुडी मी मुरब्याच्या पोरीला दिली होती. तिला उवा झाल्या होत्या. त्या काळी बायका सर्रास ती पावडर डोक्याला चोळून वर फडकं बांधत. आज अंगावर काटा येतो, पण तेव्हा कुणाला काही वाटत नसे.

संक्रांतीच्या सकाळी मावशी आणि ती पोर होडी लागणार म्हणून बंदरावर गेल्या होत्या. मी डबा घेतला आणि खळ्याच्या समुद्राकडच्या कडेनं चांगली जाड रेघ ओढली. जवळ्यावर टाकली नाही. एवढी अक्कल मला होती. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, म्हणजे पावडर उडालीच तर पलीकडे जाईल, असा हिशेब मी केला.

तो हिशेब घाटावरच्या बाईचा होता. किनाऱ्यावरचं लहान पोरही सांगेल की सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि ऊन चढलं की फिरतो, समुद्रावरून येतो. साडेदहा-अकराला वारा फिरला. माझी रेघ उडून जवळ्यावर बसली. बंदरावरून परतलेली मुरब्याची पोर नेहमीसारखी दांडी घेऊन जवळा वरखाली करत राहिली, आणि पावडर सगळीकडे सारखी मिसळली.

दुपारी जवळ्यात चोच मारणाऱ्या कोंबड्या खळ्यावर लोळायला लागल्या. पाचही मेल्या. मावशींनी जवळ्याची मूठ नाकाशी धरली, थांबल्या, आणि सरळ सुनेजवळ जाऊन तिचं डोकं हुंगलं. एकच वास.

"डोकं खळ्यावर झाडलंस ना गो?"

"नाय आई. डोकं मी सोडलंच नाय."

"मंग हा वास कुटून आला? आभाळातून?"

मी दारात उभी होते. हातात कुंकवाचा करंडा. मागे खोलीत साहेबांची बायको, दोघा इंजिनीअरांच्या बायका, आणि एक जण विचारत होती, "काय झालं हो?" पोरीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पुडी मी दिली आहे, तसला डबा माझ्याच घरात आहे, हे मी सांगीन, एवढीच तिची अपेक्षा असावी, कारण रेघेचं तिला काय माहीत! मी म्हणाले, "काही नाही, त्यांच्या घरचं काहीतरी आहे." आणि आत वळून तिळगूळ वाटायला लागले.

पुढचं सगळं भराभर झालं. आठवड्याचा जवळा खड्ड्यात पुरावा लागला. व्यापाऱ्यानं त्या घरचा माल दोन महिने घेतला नाही. मावशींनी सुनेला मुरब्याला माहेरी धाडलं आणि परत आणायचं नावच काढलं नाही. मुलगा आईपुढे बोलणारा नव्हता. खळ्यावर मावशी एकट्याच दांडी फिरवू लागल्या. मी त्यांना मदत करायला जायची. हो, जायची! त्या म्हणायच्या, "बाय, तू परकी असून करतेस, नायतर आमची ती बया." आणि मी ते ऐकून घ्यायची. याची मला जेवढी शरम वाटते तेवढी रेघेचीही वाटत नाही.

अशी दोन वर्षं गेली. क्वार्टर मिळालीच नाही.

मग एकदा मी कापड घ्यायला पालघरच्या बाजारात गेले. मासळीच्या ओळीत ती बसलेली दिसली. शेजारणींच्या पाट्या रिकाम्या होत आलेल्या, तिची शिगोशीग. एक गिऱ्हाईक बाई तिच्यापुढे वाकली, तशी मागून दुसरी ओरडली, "तिच्याकडनं नको गो, ती पावडरवाली!" बाई झटक्यानं उठली. सवय झालेल्या माणसासारखं मुरब्याच्या पोरीनं पाटीवरचा कपडा नीट केला. मी बांगडीवाल्याच्या आडोशाला सरकले आणि तिथून तशीच स्टेशनवर गेले. कापड घेतलं नाही.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. समोर जाऊन बोलायची छाती नव्हती. पण ओवी मला येत होती. माझी आई जात्यावर बसली की जे मनात असेल ते ओवीत घालायची, सासूचा राग, लेकराचं दुखणं, सगळं. तिच्या मते तोंडानं न निघणारं जात्याबरोबर निघतं. माझ्याकडे नाचणी दळायचं लहान जातं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्यापाशी बसले.

पहिली ओवी सहज सुचली.

पदर पसरते सखे, तुझ्या गं दारात
चुकीला दे माफी, ठेव मला उरात

मला रडू आलं. छान वाटलं. दिवसभर मी ती गुणगुणत होते आणि संध्याकाळी भाकरी थापताना लख्खकन लक्षात आलं की या ओवीत चूक कुठंच नाही. चूक हा शब्द आहे, पण काय केलं ते नाही. ही ओवी कुणीही कुणालाही म्हणावी. आणि वर मागणं किती! माफी दे, उराशी धर. जिची पाटी कुणी घेत नाही तिनंच आता उठून माझं सांत्वन करायचं. ती ओवी मी टाकली.

दुसरी झाली ती अशी.

नवी मी गावाला, वाऱ्याची नाही जाण
फिरला गं वारा, मी राहिले अजाण

ही मला चार दिवस आवडली. हीत खोटं काहीच नव्हतं. मी नवी होते, वारा फिरला होता. पण म्हणताना आवाज कुठं चढतो ते मी ऐकलं, तर तो चढत होता 'नवी'वर आणि 'अजाण'वर. सगळा गुन्हा वाऱ्याच्या डोक्यावर. वारा काय, रोज फिरतो. तो मावशींपुढे गप्प राहिला नव्हता, मी राहिले होते. हीसुद्धा गेली.

तिथून पुढे मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. काय केलं ते क्रियापदासकट सांगायचं, आणि क्रियापदाचा कर्ता मी. 'झालं', 'घडलं' ही दोन क्रियापदं माझ्यासाठी बंद. 'पण' बंद. आणखी एक गोम निघाली. जात्यावरच्या ओवीत चाल भरायला आपण मधेमधे 'सखे', 'बाई गं', 'साजणी' घालतो. नेमके तेच शब्द मला गोड करत होते. 'सखे' म्हटलं की मी तिची मैत्रीण ठरत होते. तो हक्क आता माझा नव्हता. ते काढले की चाल लंगडी व्हायची, मग त्या जागी खरी गोष्ट शोधावी लागायची. कोणता दिवस, कुठली पुडी, कोणता बाजार. एकेका ओवीला आठवडा लागला. यजमान म्हणाले, "नाचणी संपली तरी दळतेस काय?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस? खोली जाईल." खोली जाईल हे खरंच होतं. मी दळत राहिले.

शेवटी चार ओव्या उभ्या राहिल्या.

संक्रांतीची सकाळ, पाहुण्या यायच्या घरी
ढेकणाची पावडर मी टाकली खळ्यावरी

ऊन चढता फिरला वारा, जवळा मी केला खराब
सासूनं तुला पुसलं, मी दिला नाही जबाब

तुझ्या केसांची पावडर, माझ्या हातची पुडी
गप्प मी राहिले, विस्कटली तुझी घडी

पालघरच्या बाजारी तुझी पाटी राहते भरली
पावडरवाली मी, हाक तुझ्या नावानं फिरली

माफीचा शब्द नाही. मी स्वतःवर खूश झाले. आता हसू येतं त्याचं.

बोईसरहून गाडीनं पालघर, तिथून सातपाटी, आणि सातपाटीहून तरीत बसून खाडी ओलांडली की मुरबे. ती वलांडीपाशी उभी होती, म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूंच्या मांडवापाशी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हात सारखा चालू. मला पाहून तो क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"वयनी," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला तुला काही ऐकवायचं आहे, आणि चारही ओव्या उभ्यानं म्हटल्या. आवाज फाटत होता. ती जोड्या टांगत राहिली. चौथी संपल्यावर तिनं आणखी तीन-चार जोड्या दोरीवर टाकल्या आणि मग बोलली.

"पावडर मी टाकली नाय, ह्ये माला नाय काय म्हायती? माज्या कानात कशाला वतलंस? ज्यांना म्हायती नाय त्यांना सांग."

महिनाभर एकेक शब्द चाळणीतून काढताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. जिचा गुन्हा नाही तिलाच जाऊन मी सांगत होते, की तुझा गुन्हा नाही.

"आनि यक," ती म्हणाली. आता तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू गप का रायलीस, ता नाय तुज्या गान्यात."

"भीती वाटली," मी म्हणाले.

"कसली भीती? माजी सासू काय तुला मारनार होती? खोटं नको बोलू. घरी जा, ईचार कर."

तिनं मला पाणी विचारलं नाही. कोळीवाड्यात असं होत नाही कधी.

परतीच्या तरीत मी विचार केला, आणि करायचा नव्हता तिथपर्यंत केला. मावशी मला मारणार नव्हत्या, खोलीसुद्धा कदाचित काढून घेतली नसती. मग काय होतं? मागे साहेबांची बायको होती. तिच्यासमोर मी गावंढळ ठरले असते. आणि त्याहून खाली आणखी एक गोष्ट होती. मला त्या घटकेला असं वाटलं होतं, की माझी शोभा झाली तर मला ती सोसणार नाही, हिला सोसेल. ही कोळीण. आरडाओरडा यांच्यात रोजचाच. चार शिव्या खाईल, उद्या विसरेल. मी तिच्या ताटात जेवले होते, तिच्या डोक्यातल्या उवा मारायला पुडी दिली होती, आणि तिची अब्रू माझ्या अब्रूपेक्षा हलक्या कापडाची आहे असं मी मानलं होतं. मला त्या तरीत स्वतःची किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

पाचवी ओवी घरी पोचायच्या आत झाली. जातं लागलं नाही.

वाटलं मला, कोळीण ती, बोल घेईल सोसून
माझी अब्रू राखली मी तुझी अब्रू पुसून

दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर मावशी आणि वाड्यातल्या सात-आठ बायका मासळी निवडायला बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी पालघरच्या बाजाराला जाणाऱ्या, म्हणजे तिथली 'पावडरवाली' ही हाक यांच्याच तोंडून गेलेली. मी मधोमध जाऊन उभी राहिले. एकीनं चेष्टा केली, "आज वयनी गानार काय?" मी म्हटलं, हो. आणि पाचही म्हटल्या.

पहिल्या ओवीला त्या हसत होत्या. दुसरीला निवडणारे हात थांबले. पाचवी म्हणताना 'कोळीण' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना, पण तो गिळला असता तर पुन्हा संक्रांतच झाली असती. तो म्हटला. एक बाई उठून थुंकली आणि निघून गेली. तिचं बरोबर होतं. उरलेल्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मावशींकडे बघत होत्या.

मला वाटलं होतं मावशी ओरडतील. मी मनाची तयारी त्याचीच केली होती, ट्रंकसुद्धा आवरून ठेवली होती. मावशी ओरडल्या नाहीत. त्या मांडीवरचे हात उलटेपालटे करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वरसं मी तिला शिव्या घातल्या. तिच्या आयबापाला घातल्या. तुला गानं येतं, तू गाऊन मोकली झालीस. माजं गानं आता कोन करील?"

मी मोकळी झाले नव्हते. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी जुळवते. काय काय बोललात तिला, सगळं सांगा." मावशींनी एकेक शिवी आठवून सांगितली, मान खाली घालून. बाकीच्या बायकांनी विसरलेल्या दोन आठवून दिल्या. मी काही गोड केलं नाही. मधे एकदा मावशी म्हणाल्या, "लेकीवानी होती असा घाल ना." मी म्हटलं, "लेकीला असं धाडलं असतंत?" त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नको घालू." त्यांच्या तीन ओव्या झाल्या. त्यांनी त्या संध्याकाळपर्यंत पाठ केल्या.

सकाळी मावशी लेकाला घेऊन मुरब्याला गेल्या. पालघरला जाणाऱ्या दोघींनी त्याच दिवशी बाजारात खरी गोष्ट सांगितली, हे मला नंतर कळलं. पुढं तिची पाटी दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. तेवढं एक झालं.

मी दिवसभर दारात होते. काही रांधलं नाही. उन्हं उतरताना दोघं येताना दिसली. दोघंच. मुलगा माझ्यासमोरून खाली मान घालून आत गेला. मावशी उंबऱ्यावर टेकल्या.

"काय म्हणाली?"

"ऐकून घेतलान. समदा ऐकलान." मावशी पाय चोळत होत्या. "जेवू घातलान आमाला. बोंबलाचं कालवन केलतान. ह्यानं हात धरून सांगितलान, घरला चल. म्हनाली, नाय. तिकडं माजी आता सवय मोडली."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पदर पसरायचा नाही, मागायचं नाही, महिनाभर जात्यावर बसून मी हेच शिकले होते. तरी तोंडातून निघून गेलंच.

"आणि माझं? माझ्याबद्दल काही बोलली?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमल्या होत्या.

"तुजं नावच नाय काडलान, बाय," त्या म्हणाल्या, आणि उठून दिवा लावायला आत गेल्या.